रात्रीची ठकठक आणि झिजलेला वायसर

वहिनी, रात्री अकरानंतर भिंतीतून येणारी ठकठक तुमच्या न्हाणीघरातल्या नळाची असावी. काल तुम्ही बादली लावलीत तेव्हा ती सुरू झाली आणि नळ बंद होताच थांबली.

जुन्या फिरकीच्या नळात दांड्याच्या टोकाला रबरी वायसर असतो. तो झिजून सैल झाला, की अर्धवट उघडलेल्या नळात पाण्याच्या जोराने थरथरतो. वाट क्षणात अडवतो, क्षणात सोडतो. दर वेळी अडलेलं पाणी पाइपाला दणका देतं. दिवसाही हे होत असेल, पण रात्री बाकीचे नळ बंद असल्याने दाब जास्त असतो, शिवाय सगळीकडे सामसूम.

आवाज चालू असताना नळ पूर्ण उघडून बघा. ठकठक थांबली किंवा बदलली, तर बहुधा वायसरच. आधी कॉक बंद करा, मग पान्याने नळाचं डोकं काढा. जुना वायसर दुकानात दाखवूनच नवा घ्या, अंदाज हमखास फसतो. वायसर टेकतो ती पितळी कड खरबरीत झाली असेल, तर नवाही लवकर झिजेल. तेव्हा नळच बदललेला बरा. तरीही आवाज राहिला, तर पाइपाचे सैल क्लॅम्प आपण मिळून तपासू.