सकाळी दहाला चाकण, पण चाकणमध्ये कुठे?

समजा, लातूरच्या एका डिप्लोमाधारक मुलाला चाकणच्या कारखान्यातून मेल आला: ‘आपली मुलाखत मंगळवारी सकाळी 10 वाजता आमच्या पुणे प्लँटमध्ये आहे. सर्व कागदपत्रे आणावीत.’ वाचायला ठीक वाटतं, पण एवढ्या भरवशावर रात्रीच्या एसटीत बसणं धोक्याचं.

पहिली अडचण जागेची. चाकण एमआयडीसी एका ठिकाणी नाही. खराबवाडी, निघोजे, म्हाळुंगे, सावरदरी अशा गावांच्या शिवारात तिचे टप्पे पसरले आहेत. त्यामुळे टप्पा, प्लॉट नंबर, गाव आणि नकाशाची लिंक हवीच. शिवाय कुठलं गेट? मोठ्या कारखान्यात मालाच्या ट्रकचं गेट वेगळं आणि माणसांचं वेगळं असतं. चुकीच्या गेटवर गेलेल्या उमेदवाराला कुंपणाला वळसा घालत यावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. गेटवर ओळखपत्र दाखवायचं, नोंद करायची, पास घ्यायचा, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घ्यायचा. यात अर्धा तास सहज जातो. म्हणून मेलमध्ये दोन वेळा लागतात. नीट लिहिलेला मजकूर असा असेल:

‘मंगळवार, 14 जुलै 2026. गेट क्रमांक 2 वर सकाळी 9.15 ला हजर राहा. लेखी चाचणी 10 वाजता, मुलाखत 11.30 ला. दुपारी 2 पर्यंत मोकळे व्हाल.’

तारखेसोबत वार दिला की टायपिंगची चूक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. आणि संपण्याची वेळ कळली, तर परतीचं तिकीट काढता येतं. ही ओळ बहुतेक कंपन्या विसरतात.

‘सर्व कागदपत्रे’ हा शब्दप्रयोग तर टाळावाच. दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार आणि दोन फोटो, अशी नावं घेऊन सांगावं. आधी नोकरी केलेल्याकडून अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात. मूळ प्रती फक्त पडताळणीसाठी, जमा करायच्या त्या झेरॉक्स, हेही स्पष्ट हवं. मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ पाहणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

संपर्कासाठी एका माणसाचं नाव आणि त्या दिवशी सकाळी उचलला जाईल असा मोबाईल नंबर द्यावा. उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून मेल आला, तर एसटी रस्त्यात बंद पडलेल्या मुलाने कळवायचं कुणाला?

उमेदवारानेही मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ नंतर काय आहे ते पाहावं. तिथे कंपनीचं नाव एका अक्षराने बदललेलं दिसलं, किंवा मुलाखतीआधी ‘परत मिळणारी अनामत’ मागितली, तर मेलमधल्या नंबरावर फोन करू नये. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून विचारावं. मेल खरा निघाला, तर येत असल्याचं त्याच मेलला उत्तर देऊन कळवावं, म्हणजे गेटवरच्या यादीत नाव जातं.