काळी काच आणि न दिसणारं ऊन

गॉगलच्या काचेवर चिकटवलेला ‘यूव्ही ४००’ असा चकचकीत स्टिकर घाऊक बाजारात गॉगलपासून वेगळा, नुसता रोलवर मिळतो. तो कुठल्या काचेवर लावायचा हे विकणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे स्टिकर पाहून गॉगल घेणाऱ्याच्या हाती खात्रीचं असं काहीच लागत नाही. स्टिकर खोटा असेलच असंही नाही, कारण फुटपाथवरच्या स्वस्त गॉगलमध्येही चांगली काच निघू शकते आणि महागड्या फ्रेममध्ये कामचलाऊ. काच अतिनील किरण अडवते की नाही हे किंमत, रंग आणि चकाकी यांतलं काहीच सांगत नाही. ते काचेच्या पदार्थावर ठरतं, आणि पदार्थ डोळ्यांना दिसत नाही.

आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरच्या पुढे सुरू होतो. त्याच्या अलीकडे अतिनील किरणांचा पट्टा आहे. ३१५ ते ४०० हे यूव्हीए, २८० ते ३१५ हे यूव्हीबी आणि त्याहून लहान लांबीचे यूव्हीसी. यूव्हीसी वातावरणातच अडकतात, जमिनीपर्यंत येत नाहीत. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे किरण अडवणारी काच, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. काच काळी आहे की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. काळेपणा येतो रंगद्रव्यातून. अतिनील किरण अडवण्याचं काम मूळ प्लास्टिक करतं, किंवा त्यात मिसळलेलं वेगळं रसायन करतं. चष्म्याच्या दुकानात मिळणारी पॉलिकार्बोनेटची पांढरीशुभ्र, बिनरंगाची काच जवळजवळ ३८० नॅनोमीटरपर्यंत सगळं अडवते. साध्या ॲक्रिलिकच्या काचेत असं रसायन घातलेलं नसेल, तर ती कितीही काळी केली तरी यूव्हीएचा बराच भाग आत सोडू शकते.

हे मी पुण्यातल्या एका जुन्या चष्म्याच्या दुकानात समोरासमोर पाहिलं. काउंटरवर डबीएवढं यूव्ही मीटर होतं. दुकानदारांनी आधी नंबरच्या चष्म्याची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काच त्यात धरली. आकडा शून्यावर आला. मग त्यांनी खणातून एक गडद काळा गॉगल काढला. त्यातून समोरची ट्यूबलाइटसुद्धा मंद दिसत होती. मीटरवर मात्र पाव भागाहून जास्त किरण पार जात होते. “लोक येतात, काच डोळ्यांसमोर धरतात आणि म्हणतात, अजून डार्क दाखवा,” ते म्हणाले. “मीटरवर लावून दाखवा असं कुणी म्हणत नाही, साहेब.”

अशी काळी काच नुसती निरुपयोगी ठरून थांबत नाही, ती नुकसान वाढवू शकते. भर उन्हात डोळ्याची बाहुली आक्रसून दोनेक मिलिमीटरची होते आणि आपण पापण्याही किलकिल्या करतो. हे शरीराचं स्वतःचं संरक्षण आहे. काळी काच लावली की डोळ्याला अंधार झाल्यासारखं वाटतं. बाहुली पसरते, पापण्या उघडतात. समजा बाहुली दोनची चार मिलिमीटर झाली. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. त्या काचेतून ३० टक्के अतिनील किरण येत असतील, तर चारपट उघड्या दारातून ३० टक्के म्हणजे १२० टक्के. गॉगल न लावता बाहुलीतून जेवढं आत गेलं असतं, त्याहून जास्तच गेलं. बाहेरच्या पारपटलाला म्हणजे कॉर्नियाला काचेचा थोडा फायदा होतो. पण बाहुलीमागच्या भिंगावर भार वाढतो, आणि मोतीबिंदू धरतो तो याच भिंगाला.

हा भार काय करतो याचा सगळ्यात ठोस पुरावा मासेमारांकडून आला आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागरावर काम करणाऱ्या ८३८ पुरुषांची पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोण किती वर्षं, कोणत्या ऋतूत, टोपी किंवा चष्मा घालून की न घालता पाण्यावर होता, हे एकेकाला विचारून त्याच्या डोळ्यांनी आयुष्यभरात किती यूव्हीबी झेललं याचा हिशेब मांडला गेला. हा आकडा दुप्पट झाला की भिंगाच्या कडेकडून आत सरकणाऱ्या कॉर्टिकल मोतीबिंदूचा धोका १.६ पट होत होता. दिवसभर होडीवर असणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना, शेतात राबणाऱ्यांना आणि दुपारी दुचाकीवर पार्सलं पोचवणाऱ्या मुलांना ही पाहणी थेट लागू पडते. ऊन सगळ्यात जास्त झेलणाऱ्या या माणसांच्याच वाट्याला खात्री नसलेली काच येते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दांडीवर छापलेल्या मजकुराकडे येऊ. आतल्या बाजूला ५४, १८, १४० असे आकडे असतात. ती फ्रेमची मापं आहेत, संरक्षणाशी त्यांचा संबंध नाही. ‘सीई’ ही अक्षरं युरोपातल्या नियमांची खूण आहे. पण गॉगल तिथे सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात मोडतो, त्यामुळे ती खूण बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, कुठली बाहेरची संस्था तपासून देत नाही. नियम पाळणारा कारखानदार खोटं बोलला तर पकडला जाण्याची भीती बाळगतो. निनावी गॉगलवर तीच अक्षरं असली तर ती भीती कुणालाच नसते. म्हणून ‘सीई’पेक्षा तिच्या सोबत काय आहे ते पाहावं. बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल नंबर आणि ० ते ४ यांपैकी एक वर्गांक असायला हवा. वर्गांक फक्त दिसणाऱ्या प्रकाशाबद्दल सांगतो. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, आपल्या उन्हाला तो योग्य. ४ म्हणजे ८ टक्क्यांहून कमी, आणि तो घालून गाडी चालवायची नसते. इथे एक साधी पडताळणी होते. दांडीवर ३ लिहिलंय आणि घरात आरशासमोर उभं राहिल्यावर काचेआडचे तुमचे डोळे स्वच्छ दिसतायत, तर आकडा बहुधा कुठून तरी उचलून छापलेला आहे. ‘यूव्हीए, यूव्हीबी, यूव्हीसी शंभर टक्के’ असा दावाही सावध करणारा आहे. जे यूव्हीसी जमिनीवर पोचतच नाही, ते अडवल्याची जाहिरात करणाऱ्याने उरलेलंही न तपासता छापलं असण्याची शक्यता मोठी.

दुकानातली दोन प्रात्यक्षिकं लोकांना हमखास फसवतात. एकात लपलेलं चित्र असलेलं कार्ड गॉगलमधून दिसतं. त्यातून काच पोलराइज्ड आहे एवढंच कळतं, म्हणजे रस्त्यावरची आणि पाण्यावरची चमक ती कापते. दुसऱ्यात जांभळ्या लेझरचा ठिपका काचेने अडवून दाखवतात. तो लेझर साधारण ४०५ नॅनोमीटरचा असतो, म्हणजे दिसणारा प्रकाश. त्यातून ‘ब्लू कट’ कळतं. खरी यूव्ही ४०० काच हा ठिपका सोडूनही देऊ शकते आणि त्यात तिचा काही दोष नाही.

घरी तपासायचं असेल तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणि एक नोट पुरते. आपल्या नोटांवरचे क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू अतिनील किरणांखाली चमकतात. खोली पूर्ण अंधारी करा. आधी नुसता टॉर्च मारून क्रमांक किती उजळतो ते पाहून घ्या. मग काच टॉर्चच्या तोंडाशी धरा, झोत काचेतून नोटेवर पडू द्या आणि नोटेकडे बाजूने, उघड्या डोळ्यांनी पाहा. गॉगल घालून नोट पाहिली तर चाचणी वायाच, कारण काळी काच ती चमकही मंद करते आणि वाईट गॉगल पास होतो. टॉर्चकडे मात्र कधीच पाहू नका. काच चांगली असेल तर क्रमांक विझल्यासारखा होतो. फिकट का होईना पण तो स्पष्ट उजळत राहिला, तर ती काच घालू नये.

या चाचणीला मर्यादा आहेत. बाजारातले बहुतेक स्वस्त जांभळे टॉर्च ३६५ चे नसून ३९५ च्या आसपासचे असतात. ३८० ला थांबणारी चांगली पॉलिकार्बोनेट काचही त्यांच्यापुढे नापास दिसेल. मानकांतही इथेच फरक आहे. आंतरराष्ट्रीय मानक यूव्हीएची हद्द ३८० ला संपवतं, तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं ४०० पर्यंत जातं. शिवाय नोटेची चमक दोन टक्के आणि शून्य यांतला फरक दाखवत नाही. म्हणून वर्षानुवर्षं वापरायचा गॉगल एकदा मीटरवर लावून घ्यावा. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत मीटर असतं, नंबर मोजायच्या यंत्रातही ती सोय असते आणि कामाला मिनिटभर पुरतं. मीटरही बहुधा एकाच लांबीवर मोजतं, तेव्हा ते किती नॅनोमीटरवर मोजतंय हे विचारायला संकोच करू नये.

काच पास झाली तरी फ्रेम उरते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवून दिलं की कानाच्या बाजूने तिरका येणारा प्रकाश कॉर्निया वळवतो आणि तो नाकाकडच्या कडेवर एकवटतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारं मांस, म्हणजे वडस, बहुतेक वेळा नेमकं तिथूनच का वाढतं, याचा उलगडा त्यातून होतो. लहान गोल काचांच्या फ्रेममधून बाजूचं ऊन सरळ आत येतं. रुंद दांडीची, चेहऱ्याला वळसा घेऊन कपाळाजवळ बसणारी फ्रेम निवडली तर हा रस्ता बराचसा बंद होतो.

नंबर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. नंबरचा गॉगल बनवताना बहुतेक जण साध्या सीआर-३९ काचेला टिंट करून घेतात. टिंट म्हणजे गरम रंगात बुडवून काढणं, आणि त्याने फक्त काळेपणा येतो. सीआर-३९ स्वतः साधारण ३५० च्या पुढचे किरण सोडते. म्हणून ऑर्डर देतानाच पॉलिकार्बोनेट किंवा १.६० च्या हाय इंडेक्स काचेवर टिंट मागावं, नाहीतर सीआर-३९ ला टिंटच्या आधी यूव्ही ट्रीटमेंट करायला सांगावं. बिलावर काचेचा पदार्थ लिहून घ्यावा, आणि गॉगल हातात आला की पैसे चुकते करण्याआधी दोन्ही काचा वेगवेगळ्या मीटरवर लावायला सांगाव्यात, कारण तुटलेली एक काच बदलून आलेल्या जोडीत दोन पदार्थांच्या काचा असू शकतात.