एकमेकांवर अवलंबून दोन विभाग, खर्चाची दोन समीकरणे

कारखान्यातला वीजघर विभाग दुरुस्ती विभागाला वीज पुरवतो आणि दुरुस्ती विभाग वीजघरातली यंत्रे नीट करतो. मग आधी कोणाचा खर्च वाटायचा? वीजघराचा पूर्ण खर्च दुरुस्तीचा वाटा कळल्याशिवाय ठरत नाही आणि दुरुस्तीचा खर्च विजेचा वाटा कळल्याशिवाय ठरत नाही. हा पेच दहावीतली एकसामयिक समीकरणे सोडवतात.

समजा, वीजघराचा स्वतःचा खर्च ७०,००० रुपये आणि दुरुस्तीचा १,४०,००० रुपये आहे. वीजघराची १० टक्के सेवा दुरुस्तीला, ५० टक्के यंत्रशाळेला आणि ४० टक्के जुळणी विभागाला जाते. दुरुस्तीची २० टक्के सेवा वीजघराला, तर उरलेले दोन विभाग प्रत्येकी ४० टक्के घेतात. वीजघराचा पूर्ण खर्च ‘व’ आणि दुरुस्तीचा ‘द’ मानू.

व = ७०,००० + ०.२० द
द = १,४०,००० + ०.१० व

दुसऱ्या समीकरणातला ‘द’ पहिल्यात घातला, की ०.९८ व = ९८,००० उरते. म्हणून व = १,००,००० आणि द = १,५०,०००.

आता मूळ टक्केवारीनेच वाटप करायचे. यंत्रशाळेवर ५०,००० अधिक ६०,००० म्हणजे १,१०,००० रुपये येतात, तर जुळणीवर ४०,००० अधिक ६०,००० म्हणजे १,००,०००. बेरीज २,१०,०००, म्हणजे मूळ खर्चाइतकीच. ती जुळली नाही, तर मांडणीत चूक आहे.

‘व’ आणि ‘द’ यांची बेरीज मात्र २,५०,००० येते. त्यातले ४०,००० रुपये दोन विभागांनी एकमेकांवर टाकलेले असल्याने दोनदा मोजले जातात. तो नवा खर्च नव्हे.