एकशे पंचेचाळीसचं गणित

विधानसभेत आमदार 288, बहुमताचा आकडा 145. 1995 मध्ये शिवसेनेचे 73 आणि भाजपचे 65 निवडून आले, बेरीज 138. कमी पडले सात, आणि अपक्ष होते तब्बल 45! साहजिकच अपक्षांचा भाव वधारला. त्यांत पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बंडखोरही होते. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं. कृष्णा लवादाने दिलेलं पाणी 2000 पर्यंत वापरात आणायचं, ही निकड खरीच होती. पण कृष्णेला मिळालं, मग आम्हाला का नाही? 1998 संपेपर्यंत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा, अशी आणखी चार महामंडळं झाली. आपलं तापीचं कार्यालय जळगावला, आणि साक्री तालुक्यातला अक्कलपाडा प्रकल्प त्याच्याकडेच.

यामागचा सौदा साधा: तू माझ्या कामाला हात वर कर, मी तुझ्या. यात तोटा कसा होतो, हे गॉर्डन टुलॉक या अभ्यासकाने 1959 मध्ये शंभर शेतकऱ्यांच्या रस्त्यांवरून दाखवलं. आकडे आपण घालू. प्रत्येकाच्या शेतरस्त्याला खर्च 1 लाख, फायदा 60 हजारांचा, आणि खर्चाची वर्गणी सगळ्यांकडून. 51 जणांनी एकी केली की 51 रस्ते होतात आणि प्रत्येकाच्या माथी 51 हजार येतात. एकी करणाऱ्याला 9 हजार सुटतात, उरलेले 49 जण फुकट भरतात. शंभरही सामील झाले तर? प्रत्येकी 1 लाख भरून 60 हजारांचा रस्ता. सगळेच बुडाले!

धरणांत हेच दिसतं. कामं भराभर सुरू होतात, पैसा थोडा थोडा सगळीकडे वाटला जातो. भिंत उभी राहते, कालवा रखडतो, दरसूची बदलते. एखाद्या प्रकल्पाची ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, पुन्हा पुन्हा निघू लागली की समजावं, पैसा पातळ झालाय.

गंमत म्हणजे हा सौदा सभागृहात होतच नाही. मागणीची रक्कम आमदाराला वाढवता येत नाही, फक्त कपात सुचवता येते. जे व्हायचं ते पुरवणी मागण्या छापायच्या आधीच होतं. शिवाय 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आमदार व्हिपने बांधलेला. वजन उरतं अपक्षांचं आणि छोट्या मित्रपक्षांचं. साक्रीने 2019 मध्ये मंजुळा गावित यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं. जून 2022 मध्ये त्या बंड करणाऱ्या एकनाथ शिंदेंसोबत गेल्या. त्या बंडातल्या आमदारांची एक जाहीर तक्रार निधीवाटपाचीच होती.

गावात हा निधी ओळखायचा तर एक आकडा पुरे: 2515. ग्रामविकासाच्या या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं होतात: काँक्रीट रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक. आपल्या गल्लीतल्या कामाच्या फलकावर तो आहे का, जरूर बघा.