बुकिंग ते डिलिव्हरी

शोरूममध्ये असेपर्यंत सगळं ठीक असतं. टेस्ट ड्राइव्ह झालेली असते, जुन्या गाडीचा एक्स्चेंजचा भाव ठरलेला असतो, ऑन-रोड किमतीची घासाघीस संपलेली असते. बुकिंगची रक्कम भरून माणूस पावती घेऊन घरी येतो आणि जेवताना मेहुणा विचारतो, ‘ती दुसरी का नाही घेतली? तिचं मायलेज जास्त आहे.’ मग रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर दोन्ही गाड्यांचे व्हिडिओ बघणं सुरू होतं. आतापर्यंत निवड मोकळी होती. आता पैसे अडकलेत, गाडी दारात आलेली नाही, आणि नाकारलेल्या गाडीचे गुण एकदम डोळ्यांत भरू लागतात. बहुतेक बुकिंग रद्द होण्याची सुरुवात याच मधल्या दिवसांत होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली या अस्वस्थतेची उपपत्ती मांडली. आपण केलेली कृती आणि आपल्याला माहीत असलेली गोष्ट यांचा मेळ बसेनासा झाला की मन बेचैन होतं आणि काहीही करून तो मेळ बसवू पाहतं. त्याच्या आदल्याच वर्षी जॅक ब्रेम यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी स्त्रियांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती वस्तूंना गुण द्यायला सांगितलं, मग त्यांतल्या दोन वस्तू पुढे ठेवून एक घरी न्यायला दिली आणि थोड्या वेळाने पुन्हा गुण मागितले. निवडलेली वस्तू आता जास्त आवडू लागली होती, सोडलेली कमी. दोन वस्तू आवडीला जवळजवळ सारख्या असतील तर हा फरक अधिक ठळक दिसला. म्हणजे मन आपली निवड सावरून धरायला तयार असतं. त्याला त्यासाठी आधार मात्र हवा असतो. नवी गाडी घेतलेली माणसं आपल्याच गाडीच्या जाहिराती जास्त वाचतात, असं १९५७च्याच एका पाहणीत दिसलं, त्यामागेही हाच शोध आहे.

हा आधार विक्रेत्याने दिला तर काय होतं, हे जेम्स डोनेली आणि जॉन इव्हान्सेविच यांनी १९७० साली तपासलं. त्यांनी गाडीची ऑर्डर दिलेले, पण डिलिव्हरी न मिळालेले ग्राहक घेतले. काहींशी मधल्या काळात दोनदा संपर्क साधून निवड योग्य असल्याची माहिती दिली, उरलेल्यांना तसंच सोडलं. ज्यांच्याशी कुणी बोललं नाही, त्यांच्यात ऑर्डर मोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं.

यावरून ‘ग्राहकाला फोन करत राहा’ असा धडा घेण्याची घाई करू नये. त्याच वर्षी शेल्बी हंट यांनी फ्रिज घेतलेल्या ग्राहकांवर अभ्यास केला. काहींना पत्र पाठवलं, काहींना फोन केला, काहींशी संपर्कच केला नाही. पत्र मिळालेल्यांची धाकधूक कमी झाली, फोन आलेल्यांची मात्र झाली नाही. माझ्या मते कारण साधं आहे. व्यवहार संपल्यावर दुकानातून फोन आला की माणूस सावध होतो, आता हे आणखी काय विकणार? आणि ‘तुम्ही समाधानी आहात ना?’ हा प्रश्न तर नसलेली शंकाही उभी करतो. लेखी मजकूर माणूस आपल्या सवडीने वाचतो, घरच्यांना दाखवतो, मेहुण्यालाही दाखवतो.

म्हणून संदेशात काय असतं, यावर सगळं अवलंबून आहे. ‘अभिनंदन! आपण उत्कृष्ट निवड केलीत’ हा मजकूर सगळ्यांना सारखाच जातो, त्याचा कुणालाच आधार वाटत नाही. बुकिंगच्या दुसऱ्या दिवशी त्याच सेल्समनकडून असा मेसेज आला तर बघा:

‘नमस्कार काका, तुमची पांढरी पेट्रोल ऑटोमॅटिक काल बुक झाली. गुडघेदुखीमुळे क्लच नको, म्हणून आपण ऑटोमॅटिक ठरवली. शहरात तिचं मायलेज त्या दुसऱ्या गाडीपेक्षा थोडं कमी पडेल, हे आपलं बोलणं झालं होतं. गाडी २० तारखेच्या सुमारास येईल, तारीख बदलली तर मीच कळवीन. बुकिंग रद्द करायचे नियम पावतीच्या मागे आहेत. काही विचारायचं असेल तर याच नंबरवर फोन करा.’

यात कौतुकाचा एकही शब्द नाही. काकांनी स्वतःच सांगितलेलं कारण त्यांना परत मिळालं, आणि मेहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. मायलेजची उणीव लपवलेली नाही, त्यामुळे ती नंतर कुणाकडून तरी ‘कळण्याचा’ धक्का बसणार नाही. रद्द करण्याची वाट उघडी ठेवली की उलट विश्वास वाढतो. ती वाट दडवणारा, किंवा ‘आत्ता रद्द केलंत तर नुकसान होईल’ असा धाक घालणारा मेसेज मला सरळ फसवणुकीच्या जातीचा वाटतो.

दुसरा मेसेज गाडी नावावर लागली, चेसिस नंबर मिळाला की जावा. तिसरा डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी: उरलेली रक्कम, लागणारी कागदपत्रं, वेळ. एवढं पुरे. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी हवी असलेल्या घरात तारीख हाच सगळ्यात नाजूक विषय असतो, आणि उशीर होणार असेल तर तो ग्राहकाने विचारण्याआधी कळवावा. या तीन मेसेजांमध्ये सीट कव्हर, वाढीव वॉरंटी किंवा विमा विकायला काढला की आधीच्या दोन्हींवर पाणी फिरतं.

वस्तू घरी आल्यानंतरच्या शंकेचं रूप वेगळं असतं. तिथे मन कमी आणि माहितीचा अभाव जास्त नडतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्या. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूला ट्रान्झिट बोल्ट आवळलेले असतात. ते न काढता मशीन लावलं तर स्पिनच्या वेळी ते धडधडतं, जागेवरून सरकतं, आणि घरच्यांना वाटतं की मशीन खराब निघालं. बोल्ट काढलेले असले तरी काचेतून पाणी जेमतेम दिसतं, एका धुण्याला दीड-दोन तास लागतात. टॉप लोडची सवय असलेल्या वहिनींना हे बिघाडासारखंच वाटणार. ‘पहिलं धुणं लावण्याआधी मागचे बोल्ट काढले का बघा, पाणी कमी दिसेल आणि वेळ जास्त लागेल, हे बरोबर आहे’ एवढा मेसेज डिलिव्हरीच्याच दिवशी गेला, तर चांगलं मशीन परत पाठवण्याची वेळ येत नाही. आठ दिवसांनी गेला तर तोवर तक्रार नोंदवून झालेली असते.

मेसेजांचा उपयोग होतोय का, हे दुकानदाराला स्वतः पाहता येतं. बुकिंग नंबर सम असेल त्यांना मेसेज पाठवा, विषम असेल त्यांचं पूर्वीसारखंच चालू द्या. समजा प्रत्येकी १०० बुकिंगमागे एकीकडे ८ रद्द झाली आणि दुसरीकडे १४. लगेच खूश होऊ नका, एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आणखी काही महिने मोजा, आणि प्रत्येक रद्द बुकिंगचं कारण लिहून ठेवा. कर्ज नामंजूर झालं असेल, गाडी दोन महिने लांबली असेल, तर तिथे मेसेज काय करणार? मन बदललं म्हणून रद्द झालेली बुकिंग तेवढी वेगळी काढून दोन्ही गटांत ताडून बघा.

आणि हिशोब डिलिव्हरीला थांबवू नका. मेसेज मिळालेल्या गटात रद्द बुकिंग घटली, पण गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याच गटाच्या तक्रारी वाढल्या, तर मेसेजांनी शंका दूर केलेली नसते. ज्यांनी ती गाडी घ्यायलाच नको होती, त्यांना तुम्ही डिलिव्हरीपर्यंत रेटत आणलेलं असतं.