लंबपूरक म्हणजे ‘उरलेलं सगळं’ नव्हे

बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या रेषीय बीजगणितात एक गणित वारंवार भेटतं. R⁴ या चार मितींच्या अवकाशातले काही सदिश दिलेले असतात. त्यांच्यापासून तयार होणारा उपअवकाश W असतो आणि त्याचा लंबपूरक W⊥ काढायचा असतो. रीत अगदी छोटी आहे. ती पाठ असूनही उत्तरं चुकतात, कारण रीतीमागची कल्पनाच पुष्कळदा वाकडी बसलेली असते.

एक उदाहरण घेऊ. दिलेले सदिश असे:

u = (1, 2, 1, 0)
v = (2, 4, 3, 1)
w = (3, 6, 4, 1)

पहिला गैरसमज शाळेत शिकलेल्या संचांमधून येतो: W मध्ये नाही तो प्रत्येक सदिश W⊥ मध्ये असणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. W मधल्या प्रत्येक सदिशाशी ज्याचा डॉट प्रॉडक्ट शून्य येतो, तोच सदिश W⊥ मध्ये जातो. (2, 2, 0, 1) हा सदिश W मध्ये नाही, हे पुढे दिसेलच. पण त्याचा u शी डॉट प्रॉडक्ट 2 + 4 + 0 + 0 = 6 येतो, म्हणजे तो W⊥ मध्येही नाही. अवकाशातले बहुतेक सदिश असेच दोन्हींच्या बाहेर असतात. शून्य सदिश मात्र दोन्हींत असतो.

‘W मधल्या प्रत्येक सदिशाशी’ हे शब्द वाचून विद्यार्थी बिचकतात. W मध्ये सदिश तर अगणित, मग तपासायचं कुठवर? तेवढं तपासावं लागत नाही. W मधला प्रत्येक सदिश u, v, w यांना कुठल्या तरी संख्यांनी गुणून आणि बेरीज करूनच बनलेला असतो. त्यामुळे जो सदिश या तिघांना लंब आहे, तो साऱ्या W ला लंब ठरतो. शोधायचा सदिश (x₁, x₂, x₃, x₄) मानला, की तीन अटी म्हणजे तीन समीकरणं:

x₁ + 2x₂ + x₃ = 0
2x₁ + 4x₂ + 3x₃ + x₄ = 0
3x₁ + 6x₂ + 4x₃ + x₄ = 0

उजवीकडे सगळीकडे शून्य आहे, म्हणून हा समघाती संच. दिलेले सदिश इथे मॅट्रिक्सच्या आडव्या ओळींमध्ये बसले आहेत, आणि नेमकी इथेच गल्लत होते. पुष्कळ जण सवयीने ते उभ्या स्तंभांत मांडतात. तसं केलं तर संच सुटतो, उत्तरही येतं, पण ते भलत्याच प्रश्नाचं असतं. या उदाहरणात ते (1, 1, −1) च्या पटीत येईल, कारण u + v − w = 0 आहे. त्यातून u, v, w यांचं आपसातलं नातं कळतं, लंब सदिश मिळत नाही. चूक ओळखणं सोपं आहे, कारण R⁴ मधल्या सदिशाला चार घटक हवेत आणि इथे तीनच आले. मात्र चार सदिश दिलेले असतील, तर चुकीच्या उत्तरातही चारच घटक येतात आणि ही खूण उपयोगी पडत नाही. तेव्हा डॉट प्रॉडक्ट काढून पाहण्याला पर्याय नाही.

आता संच सोडवू. दुसऱ्या समीकरणातून पहिल्याची दुप्पट वजा केली, की x₃ + x₄ = 0 उरतं. तिसऱ्यातून पहिल्याची तिप्पट वजा केली, तरी पुन्हा x₃ + x₄ = 0. म्हणजे तिसऱ्या समीकरणाने नवं काहीच सांगितलं नाही. ते गळून पडतं. (ही रीत गाउसच्या नावाने ओळखली जाते, पण संख्या कोष्टकात मांडून अशीच वजाबाकी करण्याची पद्धत प्राचीन चीनमधल्या ‘नऊ अध्याय’ या गणितग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे.)

शेवटी दोनच समीकरणं हातात राहतात:

x₁ + 2x₂ − x₄ = 0
x₃ + x₄ = 0

इथे x₂ आणि x₄ यांना हवी ती किंमत देता येते. x₂ = s आणि x₄ = t घेतलं, तर x₁ = −2s + t आणि x₃ = −t. म्हणजे प्रत्येक उत्तर s(−2, 1, 0, 0) + t(1, 0, −1, 1) या रूपात येतं. p = (−2, 1, 0, 0) आणि q = (1, 0, −1, 1) हे दोन सदिश मिळून W⊥ चा बेसिस झाला. ताळा करायला v घ्या: v·p = −4 + 4 = 0 आणि v·q = 2 − 3 + 1 = 0.

तीन सदिश दिले म्हणून W ची मिती तीन आणि W⊥ ची 4 − 3 = 1, असा हिशेब घाईत केला जातो. तो इथे फसतो. मोजायची असते ती रँक, म्हणजे वजाबाकीनंतर शिल्लक राहिलेल्या ओळींची संख्या. ती इथे दोन आहे, म्हणून W⊥ ची मितीही 4 − 2 = 2.

प्रतलाला लंब असलेलं हे दुसरं प्रतल पाहून अनेकांना उत्तर चुकल्यासारखं वाटतं, कारण तीन मितींत प्रतलाला लंब अशी एकच रेषा निघते. खोलीची जमीन आणि भिंत तर एकमेकींना लंब असतातच, असंही कुणी म्हणेल. पण त्या दोघी एका रेषेत मिळतात आणि त्या रेषेवरचा सदिश दोघींत असतो. शून्येतर सदिश स्वतःला लंब असू शकत नाही, म्हणून जमीन आणि भिंत ही लंबपूरक जोडी नव्हे. R⁴ मध्ये मात्र W आणि W⊥ ही दोन्ही प्रतलं असूनही केवळ आरंभबिंदूत मिळतात. चित्र डोळ्यांसमोर येत नाही हे खरं, पण समीकरणं ते निर्विवाद दाखवतात.

उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही की ते खोडणारेही बरेच. पुस्तकात (−1, 1, −1, 1) आणि (1, 0, −1, 1) दिलेले असतील, तर तेही बरोबरच, कारण पहिला सदिश म्हणजे p + q. उपअवकाश एकच असतो, त्याचे बेसिस अनेक. तसंच p आणि q एकमेकांना लंब असायलाच हवेत, असंही नाही. त्यांचा डॉट प्रॉडक्ट −2 आहे आणि उत्तरात काहीही खोट नाही. परस्पर लंब बेसिस स्वतंत्रपणे मागितला असेल तरच पुढचं काम करायचं. इथे q मध्ये p चे दोन पंचमांश मिळवून पाचाने गुणलं, की (1, 2, −5, 5) मिळतो आणि तो p ला लंब आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. कधी W सदिशांनी दिलेला नसतो, समीकरणांनी दिलेला असतो. उदाहरणार्थ, −2x₁ + x₂ = 0 आणि x₁ − x₃ + x₄ = 0 यांची उत्तरं म्हणजे W. समीकरणं दिसली की हात आपोआप ती सोडवायला लागतात, आणि मग W⊥ म्हणून खुद्द W च लिहिला जातो. अशा वेळी सोडवायचं काहीच नसतं. सहगुणकांच्या ओळी (−2, 1, 0, 0) आणि (1, 0, −1, 1) याच W⊥ तयार करतात. हे आपलेच p आणि q आहेत, आणि हा W सुद्धा आपलाच. लंबपूरकाचा लंबपूरक काढला की मूळ उपअवकाश परत मिळतो, त्याचं हे उदाहरण. (2, 2, 0, 1) ला W बाहेर ठेवणारं कारणही यातच सापडतं: −2x₁ + x₂ मध्ये त्याचे घटक घातले तर −2 येतं, शून्य नाही.

म्हणून पेन उचलण्याआधी प्रश्न नीट वाचा. W सदिशांनी दिला असेल तर समघाती संच सोडवा. समीकरणांनी दिला असेल तर उत्तर त्यांच्या सहगुणकांतच आहे.