शब्दाच्या पोटात शिरणारे प्रत्यय

शालेय व्याकरणात शब्दसिद्धीचे जे प्रकरण असते, त्यात धातूच्या पुढे उपसर्ग आणि मागे प्रत्यय अशी दोनच ठिकाणे मुक्रर केलेली असतात. आणि आपल्या मराठीचा व्यवहार बहुतांशी या दोहोंवर निभावत असल्यामुळे, शब्दाचे अंग फोडून त्याच्या आत जाऊन बसणारा एखादा प्रत्यय असू शकेल, ही कल्पनाच विद्यार्थ्याच्या मनाला शिवत नाही. असा प्रत्यय मात्र आहे. त्यास आपण अंतःप्रत्यय म्हणू. त्याचे एक निःसंदिग्ध उदाहरण पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. ज्यांनी संस्कृतातील दहा गण कधीकाळी पाठ केले असतील त्यांनी सातव्या, म्हणजे रुधादि गणाची रूपे आठवावीत.

‘रुध्’ म्हणजे अडविणे. याचे वर्तमानकाळी रूप ‘रुणद्धि’ असे होते, आणि ते पाहून नवशिक्याची छाती दडपते, कारण बाकीच्या बहुतेक गणांत धातू आणि ‘ति’ यांच्या दरम्यान जे चिन्ह, म्हणजे विकरण, निमूटपणे उभे राहते, ते येथे थेट धातूच्या आत घुसलेले दिसते. पाणिनीने याचा बंदोबस्त एका अक्षराने केला आहे. या विकरणाचे नाव त्याने ‘श्नम्’ असे ठेवले. त्यातील ‘श्’ आणि ‘म्’ ही केवळ खुणेची अक्षरे असून प्रत्यक्षात उरतो तो ‘न’. आणि ज्याला ‘म्’ची खूण असेल त्याने शब्दातील शेवटच्या स्वरानंतर बसावे, असा अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात सर्वसाधारण नियम घालून दिलेला आहे. ‘रुध्’मधील शेवटचा स्वर ‘उ’. त्याच्या पाठीमागे ‘न’ बसला की ‘रुनध्’ होते. पुढे ‘ति’ आला की ‘ध्’च्या सहवासाने ‘त’चा ‘ध’ होतो, आधीचा ‘ध्’ ‘द्’ बनतो, ‘र’च्या प्रभावाने ‘न’चा ‘ण’ होतो, आणि ‘रुणद्धि’ सिद्ध होते. अनेकवचनी ‘न’मधला ‘अ’ गळतो व ‘रुन्धन्ति’ उरते. प्रत्यय कोणता आणि तो कोठे बसावयाचा, या दोन बाबी अलग करून दुसरीसाठी एक सामायिक खूण ठेवणे, ही युक्ती माझ्या मते पाणिनीच्या सर्वांत काटकसरी युक्त्यांपैकी एक आहे.

तथापि शब्दात अनुनासिक दिसले की तो अंतःप्रत्यय, असा निष्कर्ष उतावीळपणे काढू नये. ‘रुद्ध’ आणि ‘बद्ध’ ही रूपे वरवर जुळी वाटतात. ‘रुन्धन्ति’ आणि ‘बन्धन’ यांतही अनुनासिक सारखेच आहे. भेद कळतो तो धातूचे भरघोस रूप तपासल्यावर. ‘रुध्’पासून ‘रोध’ होतो, त्यात अनुनासिकाचा मागमूस नाही, म्हणजे ते बाहेरून आलेले. उलट ‘बन्ध’ या शब्दात ते ठाण मांडून आहे, म्हणजे ते धातूच्या वतनातले, आणि ‘बद्ध’मध्ये ते तात्पुरते लोपले इतकेच.

हीच कसोटी मराठीतील एका नित्याच्या शब्दाला लावून पाहावी. आपण भिंत लिंपतो; परंतु जे लिंपतो तो ‘लेप’, आणि ज्याला लेप लागला ते ‘लिप्त’. मूळ धातू ‘लिप्’. तो रुधादि नव्हे, सहाव्या गणातला. पण त्या गणातील आठ धातूंच्या पोटात वर्तमानकाळी असेच अनुनासिक शिरते आणि ‘लिम्पति’ होते. पाणिनी त्यास विकरण न म्हणता ‘नुम्’ हा आगम म्हणतो, परंतु ‘म्’ची खूण तीच आणि जागाही तीच, ऐतिहासिक दृष्टीने दोहोंचे मूळ एकच मानले जाते. संस्कृतात हे अनुनासिक वर्तमानाच्या मर्यादेबाहेर जात नसे. मराठीत मात्र ‘लिंपले’, ‘लिंपीन’, ‘लिंपण’ असे ते सर्वत्र कायम झाले आहे. ‘सिच्’पासून नियमाने ‘सेचन’ व्हावयाचे, तेथे आपण ‘सिंचन’ म्हणतो, तेही याच कारणाने. प्रत्यय मृत झाला आणि धातूत विरून गेला. हीच गत त्याच्या युरोपातील भाईबंदांची: ‘भिद्’चा लॅटिनमधील सगोत्र ‘फिन्दो’ (मी चिरतो) अनुनासिक बाळगतो, त्याचे कृदंत ‘फिस्सुस’ बाळगीत नाही, आणि इंग्रजी ‘स्टँड’चे भूतकाळी ‘स्टुड’ होताना जो ‘न’ नाहीसा होतो, तो याच प्राचीन अंतःप्रत्ययाचा अवशेष होय.

जिवंत अंतःप्रत्यय पाहावयाचा तर मुंडा भाषांकडे वळावे. मेळघाटातील कोरकू ही त्याच कुळातली. संथाळीत ‘दाल’ म्हणजे मारणे आणि ‘दापाल’ म्हणजे एकमेकांना मारणे. ‘ञेल’ म्हणजे पाहणे आणि ‘ञेपेल’ म्हणजे परस्परांना पाहणे. पहिल्या स्वरानंतर ‘प’ येतो आणि त्याच्यामागे तोच स्वर पुन्हा उच्चारला जातो. मुंडारीत याच जागी ‘न’ घातला की क्रियेचे नाम बनते: ‘दुब’ म्हणजे बसणे, ‘दुनुब’ म्हणजे सभा.

फिलिपाइन्समधील तागालोग भाषेत हा व्यवहार याहूनही सर्रास चालतो. ‘बिली’ म्हणजे खरेदी. ‘बुमिली’ म्हणजे खरेदी केली, आणि ‘बिनिली’ म्हटले की भर विकत घेतलेल्या वस्तूवर जातो. येथे नियम शेवटच्या स्वराचा नसून पहिल्या व्यंजनानंतरचा आहे. मग परभाषेतील शब्द जोडाक्षराने सुरू झाला तर काय करावयाचे? इंग्रजीतून आलेल्या ‘ग्रॅज्युएट’चे तागालोग रूप ‘ग्राद्वेत’. त्याचे काही लोक ‘गुम्राद्वेत’ करतात, काही ‘ग्रुमाद्वेत’. पूर्वापार शब्दांत आरंभी जोडाक्षर नसल्यामुळे ‘पहिल्या व्यंजनानंतर’ आणि ‘पहिल्या स्वरापूर्वी’ या दोन नियमांतला फरक कधी उघडकीसच आला नव्हता. तो कज्जा उपऱ्या शब्दाने उभा केला.

अरबीचा एक मासला तर आपल्या दफ्तरातच आहे. ‘खैर’ या शब्दातील ख-य-र या व्यंजनांत पहिल्यानंतर ‘त’ घातला की निवडीचा अर्थ येतो. त्यातून ‘इख्तियार’ व ‘मुख्तार’ होतात, आणि आपण त्यांचे ‘अखत्यार’ व ‘मुखत्यार’ केले. मुखत्यारपत्रावर सही करणाऱ्यास त्या ‘त’ची दखल असण्याचे कारण नाही.

दोन्ही बाजूंनी शब्दास कवटाळणारा परिप्रत्यय हा याहून वादग्रस्त मामला आहे. ‘ईमान’ला आधी ‘बे’ आणि मागे ‘ई’ लागून ‘बेइमानी’ होते, म्हणून हा परिप्रत्यय असे कोणी म्हणेल, तर ते चूक. कारण मधली पायरी ‘बेइमान’ ही स्वतंत्रपणे नांदते. दोन्ही तुकडे एकदमच यावेत आणि मधली कोणतीही पायरी नसावी, ही खरी अट. इंडोनेशियाच्या भाषेत ती पुरी होते. आपलाच ‘राजा’ तेथे ‘के–अन’ या जोडीत सापडला की ‘केराजाअन’, म्हणजे राज्य, होतो. नुसते ‘केराजा’ किंवा नुसते ‘राजाअन’ असे शब्दच नाहीत. ‘हुजान’ म्हणजे पाऊस, आणि त्याला हीच जोडी लागून झालेल्या ‘केहुजानन’चा अर्थ पावसात सापडलेला.

जर्मनमधील ‘गे–त’ ही जोडी मात्र तितकीशी विश्वासार्ह नाही. ‘काउफेन’ (विकत घेणे) याचे कृदंत ‘गेकाउफ्त’ होते, त्यावरून दोन्ही तुकडे अभेद्य वाटतात. पण ज्या धातूंच्या पहिल्या अक्षरावर आघात नसतो तेथे पुढचा ‘गे’ गळतो आणि मागचा ‘त’ एकटाच काम चालवितो: ‘श्तुदीरेन’ (अभ्यास करणे) याचे ‘श्तुदीर्त’ होते, ‘गेश्तुदीर्त’ नव्हे. म्हणून परिप्रत्यय हा किताब इंडोनेशियाच्या ‘के–अन’ला निर्वेधपणे द्यावा आणि जर्मन जोडीला देताना हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे.